स्क्रीनशॉट नेमका कोणत्या संगणकावर गेला?

समजा, नाशिकमधल्या एका सीए ऑफिसातल्या अकाउंटंट मॅडम मार्चअखेरीला घरून काम करताहेत. टॅली ऑफिसच्या सर्व्हरवर आहे. घरच्या लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉपने त्या सर्व्हरला जोडल्या जातात आणि दिवसभर तिथेच काम करतात. दुपारी डेटा उघडताना एक एरर येते. सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलाला फोन लावला, तर तो म्हणतो, "मॅडम, एररचा स्क्रीनशॉट पाठवा ना, कोड नीट वाचता आला पाहिजे." मॅडम सवयीने विंडोज-शिफ्ट-एस दाबतात. काहीच होत नाही. पुन्हा दाबतात, तरी पडदा तसाच. शेवटी विंडोज-प्रिंटस्क्रीन दाबतात आणि लॅपटॉपच्या पिक्चर्समधलं Screenshots फोल्डर उघडून बघतात. तिथे आजचं एकही चित्र नसतं. मग मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतला जातो. त्यात रंगीत रेषांचं जाळं उमटतं, वर ट्यूबलाइटची चमक, आणि कोडमधला आठ आहे की बी आहे हे कुणालाच कळत नाही.

हे रोज असंख्य ऑफिसांत घडतं. यात लॅपटॉप बिघडलेला नसतो आणि बटणही खराब झालेलं नसतं. मॅडमच्या समोर कीबोर्ड एकच आहे, पण त्याच्या मागे संगणक दोन आहेत. दाबलेलं बटण त्या दोघांपैकी कुणाला मिळालं, एवढाच प्रश्न आहे. तो सुटला की बाकी सगळं सोपं होतं.

रिमोट डेस्कटॉपमध्ये दूरचा संगणक आपला पडदा चित्ररूपाने आपल्याकडे पाठवतो आणि आपण त्याच्याकडे माउसच्या हालचाली नि दाबलेली बटणं पाठवतो. साधी अक्षरं, आकडे, एंटर, टॅब ही बटणं मुकाट्याने पलीकडे जातात. अडचण येते ती विंडोज स्वतःसाठी राखून ठेवलेल्या जोड्यांची. विंडोजचं बटण, ऑल्ट-टॅब, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट या जोड्या कुठल्याही प्रोग्रॅमच्या हाती लागण्याआधी आपल्या संगणकाची विंडोज त्या उचलते. त्या तिने उचलाव्यात की पलीकडे जाऊ द्याव्यात, हे कुणीतरी ठरवावं लागतं. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट तर मुद्दाम असं बांधलेलं आहे की दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला ते अडवता येऊ नये. म्हणूनच रिमोटमध्ये त्याच्याऐवजी कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबावं लागतं. रिमोटवर काम करणाऱ्या बऱ्याच जणांना ही पर्यायी जोडी ठाऊक असते. स्क्रीनशॉटलाही अशाच पर्यायी जोड्या आहेत, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. त्यांच्याकडे पुढे येऊ.

आधी हे बघू की विंडोजच्या बटणाचं कुणी ठरवायचं. विंडोजमधल्या Remote Desktop Connection या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी एक सेटिंग आहे. जोडणी करण्याआधी जी छोटी खिडकी येते, तिच्यात खाली Show Options असतं. ते उघडून Local Resources या टॅबवर गेलात की Keyboard या शीर्षकाखाली Apply Windows key combinations असं लिहिलेलं दिसेल आणि त्याला तीन पर्याय असतील. On this computer म्हणजे विंडोजच्या बटणाच्या जोड्या आपल्याच लॅपटॉपवर चालतील. On the remote computer म्हणजे त्या सर्व्हरकडे जातील. तिसरा पर्याय Only when using the full screen, आणि मुळात निवडलेला असतो तो हाच. म्हणजे रिमोटची खिडकी पूर्ण पडदाभर पसरली की बटण सर्व्हरचं होतं, आणि खिडकी लहान केली की परत आपलं.

या तिसऱ्या पर्यायामुळेच माणसं चक्रावतात. काल खिडकी लहान होती, तेव्हा विंडोज-शिफ्ट-एस चाललं. आज पूर्ण पडद्यावर काम सुरू आहे आणि तेच बटण मुकं झालं. सेटिंग कुणीच बदललेलं नाही, बदलला तो फक्त खिडकीचा आकार. "कधी चालतं, कधी चालत नाही" अशी तक्रार कुणी केली, तर पहिला प्रश्न हाच विचारावा की तेव्हा खिडकी पडदाभर होती का.

आता मॅडमचं बटण सर्व्हरकडे गेलं, तर सर्व्हरने तरी स्क्रीनशॉट का घेतला नाही? कारण त्यांचा सर्व्हर जुना आहे. विंडोज-शिफ्ट-एस ही सोय विंडोज १० मध्ये २०१७ च्या अपडेटपासून आली. लहान ऑफिसांत अजूनही सर्रास चालणारा विंडोज सर्व्हर २०१६ त्याच्या आदल्या वर्षीचा आहे. त्याला ही जोडी ठाऊकच नाही. मॅडमच्या लॅपटॉपला ती ठाऊक आहे, पण बटण त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. ज्याला बटण कळतं त्याला ते मिळालं नाही, आणि ज्याला मिळालं त्याला ते कळलं नाही.

विंडोज-प्रिंटस्क्रीनचं दुखणं वेगळं आहे. ही जोडी जुन्या सर्व्हरलाही कळते. ती पूर्ण चित्र घेऊन त्याची फाइल बनवते आणि पिक्चर्समधल्या Screenshots फोल्डरमध्ये ठेवते. पण बटण सर्व्हरकडे गेल्यामुळे ते फोल्डर सर्व्हरवरचं असतं, मॅडमच्या लॉगिनचं. मॅडम शोधत होत्या लॅपटॉपवर. चित्र निघालं होतं, नीट साठवलंही गेलं होतं, फक्त दुसऱ्या संगणकावर. रिमोटच्या आतलं फाइल एक्सप्लोरर उघडून तिथल्या पिक्चर्समध्ये पाहिलं असतं, तर ते चित्र तिथे सापडलं असतं.

म्हणून स्क्रीनशॉट "येत नाही" असं वाटलं की सर्वांत आधी तो कुठे गेला हे तपासावं. त्यासाठी एक साधी परीक्षा पुरते. बटण दाबल्यावर लॅपटॉपवर पेंट उघडा आणि कंट्रोल-व्ही करा. मग रिमोटच्या आत पेंट उघडून तिथेही तेच करा. दोन्हीकडे चित्र उमटलं, तर सगळं ठीक आहे आणि दोन संगणकांचे क्लिपबोर्ड एकमेकांना जोडलेले आहेत. फक्त आत उमटलं, तर चित्र सर्व्हरवर निघालं, पण बाहेर येण्याचा रस्ता बंद आहे. फक्त बाहेर उमटलं, तर चित्र लॅपटॉपने काढलं. कुठेच उमटलं नाही, तर बटण दोघांपैकी कुणालाच कळलेलं नाही. या चारपैकी कोणती गत आहे हे समजलं, की उपाय शोधायला वेळ लागत नाही.

आता उपायांकडे येऊ. सर्वांत सोपा उपाय म्हणजे खिडकी लहान करणं. पूर्ण पडद्यावर असताना माउस वरच्या कडेला नेला की सर्व्हरचं नाव असलेली पट्टी खाली उतरते. तिच्यावरच्या उजव्या बाजूच्या मधल्या चौकोनावर क्लिक केलं की रिमोट खिडकीत येतं. मोठ्या कीबोर्डवर कंट्रोल-ऑल्ट-ब्रेक दाबूनही हेच होतं. आता विंडोज-शिफ्ट-एस लॅपटॉपचं आहे. पडदा मंद होईल, एररची चौकट माउसने आखून घ्या आणि थेट व्हॉट्सॲप वेबमध्ये किंवा मेलमध्ये पेस्ट करा. चित्र आपल्याच संगणकावर निघालेलं असल्यामुळे क्लिपबोर्डच्या जोडणीवर काहीच अवलंबून राहत नाही.

याला एक मर्यादा आहे. सर्व्हरचा पडदा मोठा आणि लॅपटॉपची खिडकी लहान असेल आणि Smart sizing चालू असेल, तर आपल्याला दिसतं ते आकसलेलं चित्र असतं. स्क्रीनशॉटही त्या आकसलेल्या चित्राचाच निघतो, आणि बारीक अक्षरं पुसट येतात. आकडे अचूक वाचायचे असतील, तर चित्र सर्व्हरच्या आतच काढलेलं बरं. तिथे प्रत्येक ठिपका मूळ आकारात मिळतो.

आतून चित्र काढण्यासाठीच त्या पर्यायी जोड्या आहेत. रिमोटच्या खिडकीत क्लिक करून कंट्रोल आणि ऑल्ट धरून ठेवा आणि उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवरचं वजाचं बटण दाबा. रिमोटमध्ये जी खिडकी सध्या पुढे आहे, तेवढीच सर्व्हरच्या क्लिपबोर्डवर जाते, म्हणजे एररची चौकट पुढे असेल तर तिचंच चित्र. वजाऐवजी त्याच पॅडवरचं अधिक दाबलं तर रिमोटचा अख्खा पडदा येतो. ही जोडी पलीकडे ऑल्ट-प्रिंटस्क्रीन आणि प्रिंटस्क्रीन दाबल्यासारखंच काम करते. मायक्रोसॉफ्टने ती खास याच कामासाठी ठेवली आहे आणि खिडकी लहान असो वा पूर्ण, ती चालते. साधं प्रिंटस्क्रीन मात्र बहुतेकदा आपल्याच लॅपटॉपवर राहतं. म्हणून ते दाबलं तर चित्रात आपला सगळा पडदा येतो, त्यात खिडकीबाहेरचं उघडं व्हॉट्सॲपही येतं. दुसऱ्याला पाठवण्याआधी ते चित्र एकदा नीट पाहून घ्यावं.

खोच आहे ती आकड्यांच्या पॅडची. वरच्या ओळीतलं वजा इथे चालत नाही, पॅडवरचंच लागतं. आणि चौदा इंची लॅपटॉपवर तो पॅड नसतोच. बरेच जण ही युक्ती वाचतात, वरचं वजा दाबून बघतात आणि खोटी माहिती आहे म्हणून सोडून देतात. ज्यांचं रोजचं काम रिमोटवर आहे, त्यांनी यूएसबीला लावायचा सुटा नमपॅड घेतलेला चांगला. अकाउंट्सच्या कामात तो आकडे भरायलाही उपयोगी पडतो.

नमपॅड नसेल तर माउसच्या भरवशावर काम होतं, आणि माझ्या मते मॅडमसारख्यांना हाच रस्ता सर्वांत भरवशाचा आहे. रिमोटच्या आतल्या स्टार्ट मेनूवर क्लिक करून `snippingtool` टाइप करा. स्निपिंग टूल हा प्रोग्रॅम सर्व्हर २०१६ वरही आहे. तो सर्व्हरच्याच आत चालतो, त्यामुळे कीबोर्डचं बटण कुणाकडे गेलं हा प्रश्नच उरत नाही. New वर क्लिक करा, एररची चौकट आखा आणि सेव्ह करा. त्यात Delay ही सोयही आहे आणि तिचं महत्त्व मोठं आहे. कधी कधी दाखवायचा असतो तो उघडा मेनू किंवा माउस ठेवल्यावर क्षणभर येणारी सूचना. दुसरीकडे क्लिक केलं की ती नाहीशी होते. Delay तीन सेकंदांवर ठेवा, New दाबा आणि त्या तीन सेकंदांत मेनू उघडून धरा. चित्र मेनूसकट येतं.

दुसरा माउसचा रस्ता म्हणजे रिमोटच्या आत `osk` टाइप करून पडद्यावरचा कीबोर्ड उघडणं. त्याच्यावर PrtScn हे बटण असतं. माउसने ते दाबलं की प्रिंटस्क्रीन सर्व्हरच्या आतच दाबलं जातं. फक्त तो कीबोर्डही चित्रात येऊ शकतो. म्हणून उघडल्यावर तो आधी एररपासून दूर, पडद्याच्या कोपऱ्यात सरकवून ठेवावा आणि नंतर चित्र कातरून घ्यावं.

चित्र सर्व्हरवर निघालं, तरी ते लॅपटॉपवर यायला हवं. दोन्ही क्लिपबोर्ड जोडलेले असतील, तर ते पेस्ट करताच येतं. त्यासाठी त्याच Local Resources टॅबमध्ये खाली Clipboard समोर खूण हवी. खूण असूनही पेस्ट होत नसेल, तर बहुतेकदा सर्व्हरवरचा `rdpclip.exe` हा छोटा प्रोग्रॅम अडकलेला असतो. दोन क्लिपबोर्डमध्ये ने-आण करणारा तोच. लांबलचक सत्रांत तो अधूनमधून गोठतो. रिमोटच्या आतला टास्क मॅनेजर उघडा, RDP Clipboard Monitor शोधून त्याला End task करा आणि File मेनूतल्या Run new task मध्ये `rdpclip.exe` टाइप करून पुन्हा सुरू करा. लॉगआउट करावं लागत नाही आणि टॅली उघडंच राहतं. फाइल सेव्ह केलेली असेल, तर जोडणीआधी Local Resources मधल्या More मध्ये आपली ड्राइव्ह निवडून ठेवा. मग रिमोटच्या फाइल एक्सप्लोररमध्ये `\\tsclient\C` असं लिहिलं की आपल्या लॅपटॉपची सी ड्राइव्ह समोर येते आणि चित्र तिच्यात कॉपी करता येतं.

रोज तेच सेटिंग बदलायचं नसेल, तर ते फाइलमध्ये बसवून टाकता येतं. General टॅबमधल्या Save As ने जोडणीची एक `.rdp` फाइल बनते. ती नोटपॅडमध्ये उघडली, तर साध्या ओळी दिसतात. त्यातल्या या दोन आपल्या कामाच्या:

```
keyboardhook:i:0
redirectclipboard:i:1
```

पहिल्या ओळीत शेवटी 0 असेल, तर विंडोज-बटणाच्या जोड्या कायम आपल्या लॅपटॉपवर चालतात, 1 असेल तर कायम सर्व्हरवर, आणि 2 म्हणजे फक्त पूर्ण पडद्यावर सर्व्हरच्या. दुसऱ्या ओळीतला 1 म्हणजे क्लिपबोर्ड जोडलेला. 0 केल्यावर ऑल्ट-टॅबही आपल्याच लॅपटॉपवरच्या खिडक्या बदलेल, हे ध्यानात असू द्या. रिमोटच्या आतल्या खिडक्यांमध्ये फिरायला तेव्हा ऑल्ट-पेजअप वापरावं लागतं आणि तिथला स्टार्ट मेनू उघडायला ऑल्ट-होम. दिवसभर टॅली आणि ब्राउझर यांच्यात आतल्या आत ऑल्ट-टॅब मारणाऱ्याला हे जड जातं. अशांनी 2 च ठेवावं आणि स्क्रीनशॉटपुरती खिडकी लहान करावी.

ॲपलच्या मॅकवरून विंडोज सर्व्हरला जोडणाऱ्यांसाठी गणित थोडं बदलतं. मॅकच्या कीबोर्डवर प्रिंटस्क्रीन नसतंच. तिथे कमांड-शिफ्ट-४ मॅक स्वतः उचलतो, आणि चित्र मॅकवरच निघतं. बहुतेक कामाला तेवढं पुरतं. आतून चित्र हवं असेल, तर स्निपिंग टूल आहेच.

व्हर्च्युअल मशीनची गोष्ट जवळची आहे, पण एका बाबतीत ती वेगळी पडते. इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या मुलांना प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी व्हर्च्युअलबॉक्समधल्या उबुंटूचे स्क्रीनशॉट लागतात. खिडकीत क्लिक केलं की कीबोर्ड आतल्या मशीनचा होतो, आणि प्रिंटस्क्रीन दाबलं तर उबुंटू स्वतःचं चित्र घेतं. ते उबुंटूच्याच Pictures फोल्डरमध्ये जाऊन बसतं आणि मुलं विंडोजवर शोधत राहतात. इथे मात्र बाहेरून चित्र काढण्याची सोय आहे, जी रिमोट डेस्कटॉपला नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक बटण आतल्या मशीनला कधीच मिळत नाही, त्याला होस्ट की म्हणतात. मुळात ती उजवीकडची कंट्रोल असते, मॅकवर डावीकडची कमांड. ती धरून ई दाबा. आतल्या मशीनचा पडदा जसा आहे तसा, मूळ आकारात, थेट बाहेरच्या संगणकावर सेव्ह होतो. हेच कमांडनेही होतं:

```
VBoxManage controlvm "Ubuntu" screenshotpng shot.png
```

अवतरणातलं नाव आपल्या मशीनचं टाकायचं. हा उपाय आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर मुळीच अवलंबून नाही, आणि त्याचं खरं मोल मशीन सुरू होता होता एरर आली की कळतं. लॉगिनच्याही आधी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन सगळं थांबतं, तेव्हा आत कुठलाच स्क्रीनशॉट प्रोग्रॅम चालू नसतो. बाहेरून घेतलेल्या चित्रात मात्र ती अक्षरंही स्पष्ट येतात. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये हीच सोय VM मेनूतल्या Capture Screen मध्ये आहे, आणि हायपर-व्हीच्या खिडकीत Clipboard मेनूतल्या Capture Screen मध्ये.

एक प्रकार असा आहे की त्याला उपाय नाही आणि शोधूही नये. काही बँकांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या रिमोटमध्ये क्लिपबोर्ड मुद्दाम बंद ठेवलेला असतो. काही ठिकाणी स्क्रीन कॅप्चर प्रोटेक्शन चालू असतं. तेव्हा लॅपटॉपवर घेतलेल्या चित्रात रिमोटच्या जागी नुसता काळा चौकोन येतो. बाकी पडदा नीट आला आणि तेवढाच भाग काळा आला, तर समजावं की ही सोय ऑफिसनेच बंद केली आहे. ग्राहकांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून ती असते. मोबाइलने फोटो घेऊन तिच्यातून वाट काढणं हा नियमभंग आहे आणि नोकरीवर बेतू शकतो. एररचा मजकूर आणि वेळ अक्षरशः लिहून घ्यावी आणि आयटी विभागाला कळवावी, त्यांना सर्व्हरच्या नोंदींत ती सापडते.

लहान ऑफिसांत सर्व्हर सांभाळणाऱ्यांना एक विनंती आहे. घरून काम करणाऱ्यांना नुसता आयपी पत्ता आणि पासवर्ड देऊ नका. क्लिपबोर्ड जोडलेली, कीबोर्डचं सेटिंग ठरवून दिलेली `.rdp` फाइल बनवून द्या, आणि सर्व्हरच्या डेस्कटॉपवर स्निपिंग टूलचा शॉर्टकट ठेवा. दोन्ही मिळून पाच मिनिटांचं काम आहे, आणि मग एररचा कोड तुम्हाला पहिल्याच फोननंतर नीट वाचता येईल.